पंच्याऐंशी टक्क्यांची कुळकथा

पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सालोनिकाच्या आघाडीवर देशोदेशींचे सैनिक गोळा झाले होते. तिथे लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या डॉक्टर पतिपत्नींनी सोळा समूहांतल्या आठ हजारांहून अधिक माणसांचे रक्तगट तपासले. १९१९ साली निष्कर्ष छापून आले. इंग्रजांत ए गटाची माणसं शंभरात सुमारे ४३, तर बी गटाची ७. हिंदी शिपायांत ए १९ आणि बी ४१. यावरून हिर्शफेल्डांनी तर्क केला, की ए आणि बी या दोन मूळ वंशांच्या खुणा असाव्यात आणि बी हिंदुस्थानात उगम पावला असावा. तो तर्क पुढे टिकला नाही. ए-बी हा भेद माणसाहून कितीतरी जुना, वानरांतही आढळणारा निघाला. मला त्यांच्या तक्त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. चारही गट प्रत्येक समूहात होते. फरक होता तो फक्त प्रमाणाचा.

या प्रमाणांची वाटणी मोजली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी, १९७२ साली. रक्तगट आणि रक्तातली प्रथिनं ठरवणारी १७ जनुकं घेऊन त्यांनी जगातले समूह सात ‘वंशां’त मांडले. एकूण वैविध्यापैकी ८५.४ टक्के एकेका समूहाच्या आतच सापडलं. एकाच वंशातल्या समूहांमध्ये ८.३ टक्के आणि वंशावंशांत उरलं अवघं ६.३ टक्के.

हे कसं होतं ते एका कल्पित हिशेबाने पाहू. एखाद्या जनुकाचं एक रूप पहिल्या समूहात ४० टक्के आहे, दुसऱ्यात ६०. फरक डोळ्यांत भरतो. पण कुठल्याही एका समूहातून त्या जनुकाच्या दोन प्रती सहज उचलल्या, तर त्या वेगळ्या निघण्याची शक्यता ४८ टक्के. दोन्ही समूह सारख्या प्रमाणात मिसळून उचलल्या, तर ५० टक्के. म्हणजे पन्नासातला ४८ वाटा समूहाच्या आतच होता.

बहुतेक वैविध्य समूहाच्या आतच असण्याचं कारण आपल्या इतिहासात आहे. आजची बहुतेक सर्रास रूपं आफ्रिकेतच जन्मली. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या लोकांचे बहुतांश पूर्वज साधारण साठ हजार वर्षांपूर्वी तिथून निघाले, ते हा साठा बरोबर घेऊनच. त्यानंतरचा काळ तो पुसून नवा रचायला अपुरा होता, आणि शेजारी समूहांत सोयरिकी होतच राहिल्या. त्वचेचा रंग मात्र अपवाद आहे. सूर्यप्रकाशानुसार झालेल्या निवडीमुळे त्यातला बहुतेक फरक प्रदेशाप्रदेशांत आढळतो. दुर्दैवाने आपण नेमक्या त्याच खुणेवरून माणूस ओळखतो.

२००३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी लेवाँटिन यांच्या निष्कर्षावर आक्षेप घेतला: शेकडो जनुकांतले बारीक कल एकत्र वाचले, तर माणसाचा मूळ प्रदेश ओळखता येतो. हे खरंच आहे. पण मूळ प्रदेश कळला, तरी एखाद्या जनुकाची त्या माणसाकडे कोणती रूपं आहेत हे बहुधा कळत नाही. म्हणून रक्त चढवताना मुलूख विचारून भागत नाही. प्रत्येकाचा गट तपासावाच लागतो.