डॉवेल पिनचे भोक

डॉवेल पिनचे भोक : दोन सुटे भाग एकमेकांच्या नेमक्या जागी बसवण्यासाठी रीमरने पूर्ण केलेले भोक. आयएसओच्या टॉलरन्स पद्धतीतून त्याची मापे ठरतात (पहा : फिट व टॉलरन्स). जिग करतानाही हिशेब पिनपासूनच सुरू करावा लागतो. एम६ श्रेणीची कठीण केलेली ८ मिमी. पिन प्रत्यक्षात ८.००६ ते ८.०१५ मिमी. असते, तर एच७ भोक ८.००० ते ८.०१५ मिमी. म्हणजे एच७ रीमरच्या भोकात एखादी पिन १५ मायक्रॉन घट्ट, तर दुसरी ९ मायक्रॉन सैल बसू शकते. म्हणून एकच रीमर दोन्ही भागांत चालवणे चूक ठरते. प्रेस फिटसाठी ७.९९ चा रीमर घ्यावा, भोक ७.९९० ते ७.९९८ मध्ये आले, तर घट्टपणा ८ ते २५ मायक्रॉन राहतो. स्लिप फिटच्या भागाला ८.०२ चा रीमर लागतो, भोक ८.०२० ते ८.०२८ आले, तर सैलपणा ५ ते २२ मायक्रॉन मिळतो. रीमर थोडे मोठेच कापतो, त्यामुळे तशाच धातूच्या तुकड्यावर आधी भोक पाडून प्लग गेजने तपासावे (पहा : रीमर). सैलपणामुळे नेमकेपणा जातो, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. पण दोन्ही भोके घट्ट ठेवली, तर केंद्रांतरातल्या किंचित चुकीनेही भाग अडकतो. त्यावर उपाय म्हणजे दुसरी पिन केंद्ररेषेच्या दिशेने दोन्ही बाजूंनी घासलेली वापरणे. बंद भोकात कोंडलेली हवा पिन वर ढकलते. तिथे हवेला वाट देणारी चपट बाजूची पिन लागते (पहा : जिग व फिक्स्चर).