मुळं सारखी, दिशा किती?

अठराव्या शतकात लाग्रांज ग्रहांच्या कक्षांत सावकाश होणारे बदल आणि छोट्या आंदोलनांचं गणित मांडत होता. दोन्हीकडे शेवटी एका बहुपदीची मुळं काढावी लागत. मुळं वेगवेगळी निघाली की काळजी नसे. पण दोन मुळं सारखी आली, तर उत्तरात काळ `t` स्वतःच गुणक म्हणून शिरणार आणि आंदोलन वाढतच जाणार, असं तो धरून चालला होता. १७८८ साली छापलेल्या त्याच्या 'मेकानिक अनालितिक' या ग्रंथातही हा समज आहे.

१८५८ साली वायरश्ट्रासने तो खोडून काढला. आजच्या चिन्हांत कारण दोन ओळींत सांगता येतं. मॅट्रिक्स `A`, तिचं मूळ `λ`, आणि `N = A − λI` असं घ्या. लाग्रांजच्या प्रश्नात `A` सममित असते, म्हणून `N` देखील सममित. आता `N²v = 0` असेल, तर `Nv` च्या लांबीचा वर्ग `v·N²v` म्हणजे शून्य येतो, म्हणून `Nv` च शून्य. मूळ कितीही वेळा आलेलं असो, तितक्याच स्वतंत्र दिशा मिळतात आणि `t` ला शिरायला जागाच उरत नाही.

सममिती नसेल तर मात्र लाग्रांजची भीती खरी ठरते. मूळ किती वेळा आलं हे बहुपदी सांगते. त्याला दिशा किती, हे ती सांगत नाही. त्यासाठी `A − λI` ची रँक काढावी लागते. फ्रोबेनिउसने १८७०च्या दशकात 'रांग' हा शब्द रूढ केला, आणि सिल्व्हेस्टरने पुढच्या दशकात 'नलिटी' मोजली: एकूण मितीतून रँक वजा केली की आयगेनस्पेसची मिती. हे एका उदाहरणावर करून पाहू.

```
A =  1   1   0   0
    −1   3   1  −1
     0   0   3  −1
     0   0   1   1
```

डावीकडे खाली सगळी शून्यं आहेत, म्हणून कर्णावरचे दोन छोटे चौकोन वेगवेगळे पाहिले तरी चालतं. दोन्हींची कर्णबेरीज ४ आणि निश्चयकही ४. म्हणून बहुपदी `(λ−2)⁴`. मूळ एकच, २, पण चारदा आलेलं. आता कर्णातून २ वजा करू.

```
N = −1   1   0   0
    −1   1   1  −1
     0   0   1  −1
     0   0   1  −1
```

दुसरी ओळ म्हणजे पहिली अधिक तिसरी, आणि चौथी तर तिसरीच. स्वतंत्र ओळी दोनच उरल्या, म्हणून रँक २ आणि आयगेनस्पेसची मितीही ४ − २ = २. उरलेल्या ओळी फक्त `x₁ = x₂` आणि `x₃ = x₄` एवढंच सांगतात; म्हणून दिशा `(1,1,0,0)` आणि `(0,0,1,1)`. चार वेळा आलेल्या मुळाला दोनच दिशा.

इथे थांबणं घाईचं होईल. `A` च्या दुसऱ्या ओळीतले शेवटचे `1` आणि `−1` पुसून तिथे शून्यं ठेवा. बहुपदी तीच, रँक २ च, आयगेनस्पेसची मितीही २ च. तरीही मॅट्रिक्स वेगळी. फरक दिसतो `N²` मध्ये. मूळ उदाहरणात `N²` च्या पहिल्या दोन ओळी `(0,0,1,−1)` आणि बाकी शून्य, म्हणजे रँक १. `N³` मात्र शून्य. पुसलेल्या मॅट्रिक्सचा `N²` च शून्य. नलिटी पहिलीत २, ३, ४ अशी चढते, दुसरीत २, ४ अशी. जॉर्डनने १८७० साली दिलेल्या रूपात पहिलीचे ठोकळे ३ आणि १ मापाचे, दुसरीचे २ आणि २ मापाचे. नलिटीच्या या पायऱ्यांवरूनच मॅट्रिक्सचं वर्गीकरण करण्याची कल्पना १८८५ साली प्रागच्या एडुआर्ड वायरने मांडली. मला ती जॉर्डनच्या रूपाहून जास्त आवडते, कारण त्यात फक्त रँक मोजायची असते; नवे आधारसदिश शोधावे लागत नाहीत. `x′ = Ax` सोडवलं, तर पहिलीत `t²` पर्यंतची पदं येतात, दुसरीत `t` पर्यंतचीच.

हाताने करताना `A − λI` ची रँक पूर्ण ४ आली, तर `λ` चुकलेलं आहे हे नक्की. मूळ खरं असेल तर निदान एक दिशा सापडायलाच हवी. संगणकावर हीच गोष्ट अडचणीची होते. तीन मापाच्या ठोकळ्यात एखादी संख्या `10⁻¹²` इतकी हलली, तर मुळं साधारण तिच्या घनमुळाइतकी, म्हणजे `10⁻⁴` इतकी सरकतात. मग २ ऐवजी `2.0001` हाती येतं, रँक ४ भरते आणि आयगेनस्पेस नाहीशी झाल्यासारखी दिसते. अशी २ च्या आसपास घोळका करून बसलेली मुळं दिसली, तर त्यांची सरासरी घ्यावी. `A` ची कर्णबेरीज ८, भागिले ४, म्हणजे २. ही सरासरी त्या छोट्या हालचालीने जवळपास ढळत नाही. ती `λ` म्हणून घालून, नगण्य संख्यांना शून्य धरलं की रँक पुन्हा २ येते.