चार खाने आणि एकच मोकळीक

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्याच महिन्यात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस बनली, पण ती खरोखर वाचवते हे दाखवायचे कसे, हा प्रश्न उरलाच. लस घेऊनही काही माणसे मरत होती आणि न घेताही पुष्कळ जगत होती.

१८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावी हाफकिन यांनी या प्रश्नाला फार नेटकी वाट काढली. सगळ्या गावाला लस न टोचता प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचायची. घर तेच, अन्न तेच, उंदीर आणि पिसवाही त्याच. फरक काय तो लशीचा. पुढे प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांची मोजणी झाली, ती अशी:

| | मेले | वाचले | एकूण |
|---|---|---|---|
| लस घेतलेले | ३ | ६८ | ७१ |
| लस न घेतलेले | २६ | ३८ | ६४ |
| एकूण | २९ | १०६ | १३५ |

आज संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर हा तक्ता ठेवला, तर तो त्यावर काय-वर्ग चाचणी लावेल. १८९८ मध्ये ती चाचणी नव्हती. हाफकिन यांच्या हाती टक्केवारी होती: एका बाजूला सुमारे ४ टक्के मृत्यू, दुसऱ्या बाजूला सुमारे ४१. इतका फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो का, हे आकड्यात सांगणारे साधन दोन वर्षांनी जन्माला यायचे होते, आणि ते बिनचूक व्हायला आणखी बावीस वर्षे लागणार होती.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये काय-वर्ग मांडला. १९०४ मध्ये त्यांनी तो अशा आडव्या-उभ्या तक्त्यांकडे वळवला. कल्पना अशी: क्षणभर धरून चाला की लशीचा आणि मृत्यूचा काहीही संबंध नाही. मग १३५ पैकी २९ मेले, हेच प्रमाण दोन्ही गटांत दिसायला हवे. लस घेतलेल्या ७१ जणांत मृत्यू अपेक्षित किती? ७१ गुणिले २९ भागिले १३५, म्हणजे १५.२५. ही झाली त्या खान्याची अपेक्षित वारंवारता. याच रीतीने उरलेल्या तीन खान्यांत ५५.७५, १३.७५ आणि ५०.२५ येतात.

आता प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक पाहा. पहिल्या खान्यात ३ आणि १५.२५, म्हणजे १२.२५ चा फरक. त्याचा वर्ग करून अपेक्षित आकड्याने भागायचे: सुमारे ९.८. वर्ग घेतल्याने कमी-जास्त एकमेकांना खोडत नाहीत. भागल्याने फरक त्या खान्याच्या आकाराशी तोलला जातो, कारण १५ अपेक्षित असताना १२ चा फरक पडणे आणि १५०० अपेक्षित असताना १२ चा पडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चारही खान्यांची बेरीज सुमारे २६.४ भरते. हा उंढेऱ्याचा काय-वर्ग.

पण २६.४ मोठा की लहान? इथेच या चाचणीच्या इतिहासातली सर्वात मोठी चूक झाली आणि ती खुद्द पिअर्सन यांची होती.

नुसत्या योगायोगाने काय-वर्ग किती वाढू शकतो, हे तक्त्यात किती खाने स्वतंत्रपणे हलू शकतात यावर ठरते. त्या संख्येला स्वातंत्र्यमात्रा म्हणतात. पिअर्सन यांचा हिशेब होता: खाने चार, एकूण बेरीज ठरलेली, म्हणून स्वातंत्र्यमात्रा तीन. अपेक्षित आकडे बाहेरच्या एखाद्या नियमातून आधीच ठाऊक असतील तेव्हा हे बरोबर आहे. आपल्या तक्त्यात मात्र ते तक्त्याच्याच आडव्या-उभ्या बेरजांतून काढलेले आहेत. ७१, ६४, २९ आणि १०६ पक्के धरले, तर पहिल्या खान्यात ३ लिहिताच शेजारी ६८ लिहावेच लागतात, खाली २६ येतात आणि शेवटी ३८. एक खाना भरला की बाकीचे तीन आपोआप भरतात. मोकळीक फक्त एका खान्याला आहे. मोठ्या तक्त्यात आडव्या ओळींतून एक वजा, उभ्या रकान्यांतून एक वजा आणि त्यांचा गुणाकार, एवढी स्वातंत्र्यमात्रा.

उंढेऱ्यापुरते पाहिले तर तीन धरा की एक, निष्कर्ष बदलत नाही, २६.४ दोन्हीकडे योगायोगाच्या पलीकडचा आहे. अडचण येते ती मधल्या आकड्यांत. समजा काय-वर्ग ५ आला. स्वातंत्र्यमात्रा तीन धरली, तर योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा आकडा येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, म्हणजे फरकात दखल घेण्याजोगे काही नाही. एक धरली तर तीच शक्यता अडीच टक्क्यांवर येते. म्हणजे उपयोगी लस चुकीच्या हिशेबाने निरुपयोगी ठरू शकते.

हा पेच पुन्हा लशींच्याच आकड्यांतून उघडा पडला. १९१५ मध्ये मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी विषमज्वर आणि पटकी यांच्या लशींची आकडेवारी तपासली. एकाच तक्त्यावर त्यांनी दोन रीती वापरल्या. एकीत दोन टक्केवाऱ्यांमधला फरक थेट तपासला, दुसरीत पिअर्सन यांचा काय-वर्ग लावला. प्रश्न एक, आकडे तेच, पण उत्तरे वेगवेगळी. दोघांनाही विसंगती दिसली, मात्र तिचे मूळ हाती लागले नाही. त्याच निबंधातली त्यांची दुसरी शिकवण अधिक टिकाऊ ठरली: लस घेतलेले आणि न घेतलेले लोक बाकी सर्व बाबतींत सारखे असले पाहिजेत, रोगाशी दोघांचा सामना सारखाच झालेला असला पाहिजे, आणि कोणाला लस मिळाली हे ठरवणे व कोणाला रोग झाला हे ठरवणे या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. उंढेऱ्यात हाफकिन यांनी घर निम्मे-निम्मे वाटले ते याचसाठी.

१९२२ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी गाठ सोडवली. चार खान्यांच्या तक्त्यात स्वातंत्र्यमात्रा एकच धरली की दोन्ही रीतींची उत्तरे जुळतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी यूल यांनी शेकडो तक्ते यदृच्छेने तयार केले आणि ते फिशर यांच्या बाजूने बोलले. पिअर्सन मात्र अखेरपर्यंत मानले नाहीत. निर्णायक पुरावा त्यांच्याच घरातून आला. त्यांचे चिरंजीव एगॉन यांनी वेगळ्या कामासाठी सुमारे बारा हजार तक्त्यांचे प्रयोग छापले होते. काय-वर्गाची सरासरी स्वातंत्र्यमात्रेइतकी असते. म्हणजे वडिलांचे खरे असते तर ती तीनच्या आसपास यायला हवी होती. फिशर यांनी १९२६ मध्ये तेच तक्ते घेऊन हिशेब केला, तेव्हा सरासरी जवळजवळ नेमकी एक भरली.

काय-वर्गाचे छापील कोष्टक हे मुळात अंदाज आहे आणि खान्यांतले आकडे लहान झाले की तो ढळतो. तो कुठपर्यंत पेलतो, हा प्रश्न घेणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे युनिव्हर्सिटी कॉलेजात एगॉन पिअर्सन आणि नेमान यांच्या सहवासात शिकले. लहान अपेक्षित संख्यांत काय-वर्ग कसा वागतो यावर त्यांचा निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५४ मध्ये विल्यम कॉक्रन यांनी घालून दिलेला व्यवहारी नियम आजही वापरात आहे: पाचपेक्षा कमी अपेक्षित संख्येचे खाने एकूण खान्यांच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावेत आणि एकाही खान्यात ती एकच्या खाली नसावी. चारच खाने असतील तर याचा अर्थ एवढाच, की एकाही खान्यात पाचच्या खाली जायचे नाही. ध्यानात ठेवायचे ते हे, की नियम अपेक्षित आकड्याचा आहे, प्रत्यक्ष आकड्याचा नाही. उंढेऱ्याच्या पहिल्या खान्यात प्रत्यक्ष तीनच होते, पण अपेक्षित पंधरा होते. म्हणून चाचणी चालते.

हे सारे आज बुलढाणा जिल्ह्यात अगदी कामाचे आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत अचानक लोकांचे केस गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडू लागले. आधी संशय पाण्यावर गेला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. इथेही मनात पहिला तक्ता चार खान्यांचाच येतो: केस गळाले आणि नाही गळाले, रेशनचा गहू खाल्ला आणि नाही खाल्ला.

पण तक्ता मांडताच दोन खड्डे समोर येतात. पहिला असा, की गावात जवळपास प्रत्येक घरी रेशनचाच गहू असेल, तर ‘नाही खाल्ला’ ही ओळ रिकामी राहते. तिथली अपेक्षित संख्या पाचच्या खाली, कधी शून्यावर जाते, आणि रिकाम्या ओळीला मोकळीक नसतेच. अशा वेळी न खाणारे लोक दुसऱ्या गावांतून मोजावे लागतात. नाहीतर रक्तातले सेलेनियम मोजून कमी, मध्यम, जास्त अशा तीन ओळी कराव्या लागतात. मग ओळी तीन, रकाने दोन, स्वातंत्र्यमात्रा दोन.

दुसरा खड्डा अधिक खोल आहे. गहू एका घरात एकाच डब्यात असतो आणि पोळ्या सगळ्यांच्या एकाच तव्यावर होतात. त्या घरातली पाच माणसे ही एकाच पुराव्याच्या पाच प्रती असू शकतात. काय-वर्ग माणसांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो: प्रत्येक खाना पाचपट केला की काय-वर्गही पाचपट होतो. घराघरांच्या तक्त्यावर तो १.५ आला, तर त्यात सांगण्यासारखे काही नाही, कारण स्वातंत्र्यमात्रा एक असताना पाच टक्क्यांची सीमा ३.८४ आहे. मात्र प्रत्येक घरातली पाच-पाच माणसे मोजून तोच तक्ता मांडला, की तो ७.५ होतो आणि सिद्ध झाल्यासारखा दिसतो, नवा पुरावा काडीचाही नसताना. एका घरातले सगळे एक तर बाधित किंवा सगळे निरोगी, असे वारंवार दिसू लागले की तक्त्याचे एकक माणूस न ठेवता घर करावे.

उंढेऱ्यातही माणसे घरांतच राहत होती, पण तिथे एकाच घरातले टोचलेले आणि न टोचलेले शेजारी शेजारी मोजले होते, म्हणून घराचा प्रभाव दोन्ही बाजूंना वाटला गेला. शेगाव तालुक्यात तशी वाटणी कोणी करून ठेवलेली नाही. म्हणून तिथे काय-वर्ग कितीही मोठा आला, तरी तो गहू आणि केसगळती एकत्र दिसतात एवढेच सांगेल. गव्हाने केस गळाले, हे धान्याच्या, रक्ताच्या आणि केसांच्या नमुन्यांतल्या सेलेनियमवरूनच ठरवावे लागेल.