पाकिटावरचे दोन रकाने

दौंडहून माझ्या मावसबहिणीने गेल्या महिन्यात मोबाइलवर एक फोटो पाठवला. शेवेच्या १८० ग्रॅमच्या पाकिटाची मागची बाजू. तिचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेले. खाली तिचा प्रश्न होता, "दादा, सोडियमपुढे १२ टक्के लिहिलंय. म्हणजे चालेल ना यांना?"

फोटोत दोन रकाने दिसत होते. पहिला शंभर ग्रॅमचा: ऊर्जा ५४८ किलोकॅलरी, प्रथिने १४ ग्रॅम, कर्बोदके ४२, सोडियम ८०० मिलिग्रॅम. स्निग्धांशाचा आकडा पाकिटाच्या सुरकुतीत अडकला होता; नुसता ६ दिसत होता. दुसऱ्या रकान्यात टक्के. ऊर्जा ८, स्निग्धांश १६, सोडियम १२. एक सर्व्हिंग किती ग्रॅमचे, ही खालची ओळ फोटोत आलीच नव्हती.

हे दोन रकाने शेजारी असले, तरी एकाच मापाचे नाहीत. हे कसे झाले, याला थोडा इतिहास आहे. आपल्याकडे पाकिटबंद पदार्थांवर पोषणाची माहिती छापणे सक्तीचे करणारी दुरुस्ती २००८ साली झाली, ती अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत. तेव्हा टक्के नव्हते. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे लेबलसंबंधीचे नवे नियम राजपत्रात आले. त्यांनी घटकांचे आकडे शंभर ग्रॅममागे मागितले आणि दिवसाच्या प्रमाणाशी असलेले टक्के मात्र एका सर्व्हिंगमागे. डावीकडे शंभर ग्रॅम, उजवीकडे चमचा-दोन चमचे. घाईत वाचणाऱ्याला ८०० आणि १२ टक्के ही एकाच मापाची गोष्ट वाटते.

टक्के कशाचे, तेही नियमांत आहे. दिवसाला २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्धांश, २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ. सोडियमच्या बाबतीत हा आकडा गाठायचा नसतो, त्याच्या आत राहायचे असते.

आता फोटो सोडवू. सुरकुतीतला आकडा आधी. विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेला हिशेब आजही लेबलांना लागू पडतो. प्रथिने व कर्बोदके ग्रॅममागे ४ किलोकॅलरी देतात, स्निग्धांश ९. चौदाचे ५६, बेचाळीसचे १६८, मिळून २२४. स्निग्धांश ६ धरला तर आणखी ५४, म्हणजे एकूण २७८. छापलेल्या ५४८ च्या जवळपासही नाही. उरलेल्या ३२४ ला ९ ने भागले की ३६ येतात. सहाच्या आधीचा ३ सुरकुतीत गेला होता. (तंतू किंवा पॉलिऑल जास्त असलेल्या पदार्थात हा ताळा थोडा चुकतो, शेवेला चालतो.)

कापली गेलेली सर्व्हिंगची ओळही अशीच परत मिळते. २००० चे १२ टक्के म्हणजे २४० मिलिग्रॅम सोडियम. शंभर ग्रॅममध्ये ८०० असेल, तर २४० तीस ग्रॅममध्ये. टक्के पूर्णांकात छापलेले असतात, म्हणून दुसऱ्या ओळीवर पडताळून घ्यावे. ६७ चे १६ टक्के सुमारे १०.७ ग्रॅम, आणि ३६ च्या हिशेबाने तेही तीस ग्रॅमच्या आसपासच बसते. सर्व्हिंग तीस ग्रॅमचे. पाकिटात अशी सहा.

मी तिला विचारले, "चहाबरोबर किती खातात भावोजी?" ती म्हणाली, "अर्धं पाकीट तर सहज." म्हणजे तीन सर्व्हिंग, सोडियम ७२० मिलिग्रॅम, दिवसाच्या मर्यादेचे ३६ टक्के. मिठात सांगायचे तर जवळजवळ पावणेदोन ग्रॅम, आणि अजून जेवणातली आमटी, लोणचे, पापड बाकीच. तिने त्या दिवसापासून शेव वाटीत काढून द्यायला सुरुवात केली आणि वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. पहिल्या दिवशी ती ४५ ग्रॅम भरली.

तीस ग्रॅम कोणी ठरवले? आपल्याकडे बहुतेकदा उत्पादकानेच. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानंतर सरकारनेच लोक एका वेळी किती खातात याची पाहणी घेऊन मापे ठरवली, आणि खाणे वाढले तशी २०१६ साली काही मापे वाढवलीही. आइस्क्रीमचा अर्धा कप दोन तृतीयांश झाला. तिथला २००० चा आकडाही गोल केलेला आहे. आधी २३५० सुचवला होता. लोक जास्त खातील या आक्षेपानंतर आणि हिशेबाला सोपा म्हणून २००० ठेवला.

आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे याहून वेगळे आहेत. बैठे काम करणाऱ्या बाईला १६६० किलोकॅलरी, अतिकष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला ३४७०. भीमेकाठी ऊस तोडणारा गडी आणि माझी बहीण यांनी तेच ३० ग्रॅम खाल्ले, तर ऊर्जेचे छापील ८ टक्के तिच्यासाठी १० होतात, त्याच्यासाठी ५ सुद्धा भरत नाहीत.