घरचा नेक्स्टक्लाउड सर्व्हर (बुलढाणा जिल्हा)

नेक्स्टक्लाउड हे फायली, फोटो, दिनदर्शिका आणि संपर्क स्वतःच्या संगणकावर साठवून फोनवर किंवा लॅपटॉपवर हवे तेव्हा उघडू देणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये ओनक्लाउड सुरू केले. २०१६ मध्ये ते त्यातून बाहेर पडले आणि त्याच वर्षी जूनमध्ये सहकाऱ्यांसह त्याची नेक्स्टक्लाउड ही वेगळी शाखा काढली. जर्मनीच्या सरकारी यंत्रणेत ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. पण तेच सॉफ्टवेअर खामगावातल्या एखाद्या घरात टीव्हीच्या कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवरही चालते. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा सर्वांना जाणवू लागली, तेव्हापासून या पर्यायाकडे घरगुती वापरकर्त्यांचे लक्ष अधिक गेले.

सॉफ्टवेअर बसवणे हा यातला सोपा भाग. ते एका दुपारी होते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात खरी परीक्षा वीज आणि पत्ता या दोन गोष्टींची असते.

आधी वीज. गावठाण फीडरवरच्या घरात लाइट बहुतेक वेळ असते, तरी पावसाळ्याच्या तोंडाशी वादळ आले की ती ये-जा करतेच. शेतवस्तीवरचे घर शेतीच्या फीडरवर असेल तर पुरवठाच ठरावीक तासांचा. डेटाबेस लिहिता लिहिता मशीन बंद पडले तर त्यातल्या नोंदी बिघडू शकतात, आणि रास्पबेरी पाय मेमरी कार्डावरून चालत असेल तर ते कार्डच दगा देते. म्हणून इथे जुना लॅपटॉप हा नव्या छोट्या संगणकापेक्षा शहाणपणाचा सौदा ठरतो. त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस, आणि यूएसबीवर चालणारी अडीच इंची हार्ड डिस्क लॅपटॉपकडूनच वीज घेते. सरासरी १२ वॅट धरले तर महिन्याला ९ युनिटच्या आत खर्च भागतो. फायबरचा डबा आणि राउटर मात्र लाइटबरोबर जातात. त्यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा लावावा लागतो. उन्हाळ्यात चाळिशीपलीकडच्या तापमानात सतत चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगते. ज्या लॅपटॉपात सोय आहे तिथे चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर ठेवावी. झाकण किंवा टचपॅड वर उचललेले दिसले तर बॅटरी लगेच काढून टाकावी.

दुसरी अडचण पत्त्याची. बऱ्याच फायबर आणि मोबाइल जोडण्यांवर कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देते. अशा घरात राउटरवर पोर्ट उघडण्याचा खटाटोप कितीही केला तरी बाहेरून कोणी आत पोहोचत नाही. ओळखायचे कसे? राउटरच्या पानावर WAN समोर लिहिलेला पत्ता आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे निघाले, विशेषतः राउटरवरचा पत्ता `100.64` ते `100.127` यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर प्रकार हाच. कंपनीकडून पैसे मोजून स्थिर पत्ता घेता येतो. नाहीतर टेलस्केलसारखे खासगी जाळे फोनवर आणि सर्व्हरवर बसवले की दोन्ही टोके स्वतःहून बाहेर जोडणी करतात आणि कोणतेही पोर्ट उघडावे लागत नाही. कुटुंबापुरत्या सर्व्हरला दुसरा मार्गच बरा, कारण प्रवेशाचे पान साऱ्या जगापुढे उघडे राहत नाही.

चार जणांच्या घराचे उदाहरण घेऊ. त्यांचे जुने फोटो आणि व्हिडिओ मिळून ५०० जीबी आहेत. ३० एमबीपीएस अपलोड असलेल्या जोडणीवरून ते व्यावसायिक साठवणीत चढवायला, वेग एकदाही न घसरता, सुमारे ३७ तास लागतील. घरच्या सर्व्हरवर तीच भरती वायफायवरून किंवा थेट केबलने होते आणि इंटरनेटला हातही लागत नाही. पुढे फोनमधल्या अ‍ॅपचा आपोआप अपलोड चालू ठेवला की नवे फोटो येत राहतात. खासगीपणाची एक मर्यादा मात्र घरात आधीच बोलून घ्यावी: ज्याच्या हातात सर्व्हरचा मुख्य पासवर्ड आहे, त्याला साध्या मांडणीत सगळ्यांच्या फायली उघडता येतात. कंपनीपासून लपलेले मोठ्या भावापासून लपलेले असेलच असे नाही.

आता एक ठरलेला बिघाड. लाइट बराच वेळ गेली, बॅटरी संपली, परत आल्यावर लॅपटॉप सुरू झाला. पण बाहेरची डिस्क जोडली गेली नाही. पडद्यावर `Your data directory is invalid` असा संदेश येतो आणि सगळे फोटो गेले असे वाटते. फोटो जागेवरच असतात. नेक्स्टक्लाउड साठवणीच्या फोल्डरमध्ये `.ocdata` (नव्या आवृत्त्यांत `.ncdata`) नावाची खुणेची फाइल शोधते. ती न दिसल्याने ते मुद्दाम थांबलेले असते. इथे घाईने ती फाइल हाताने तयार करणे ही सर्वांत महाग चूक. मग रिकामे फोल्डरच खरे धरले जाते, आणि त्यावर `files:scan` चालवला तर डेटाबेसमधल्या नोंदी पुसल्या जातात; सिंक चालू असलेल्या संगणकांवरच्या प्रतीही त्यापाठोपाठ जाऊ शकतात. आधी `lsblk` लिहून डिस्क दिसते का, कुठे जोडली आहे, ते पाहावे. पुन्हा असे होऊ नये म्हणून `/etc/fstab` मध्ये डिस्क `sdb` अशा बदलत्या नावाने न लिहिता तिच्या UUID ने लिहितात.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे याच बिघाडातून कळते: एका ठिकाणी पुसलेले सगळीकडे पुसले जाते. कचरापेटीत फाइल सहसा ३० दिवस राहते. पण डिस्कच गेली तर कचरापेटीही जाते. त्यामुळे आठवड्यातून एकदा डेटाबेस आणि फायली यांची एकाच क्षणाची प्रत घेतात. फक्त फोटोंचे फोल्डर उचलले तर फोटो वाचतात, पण कोणी कोणाशी काय वाटून घेतले, दिनदर्शिका, संपर्क हे सारे डेटाबेसबरोबर हरवते.

```
sudo -u www-data php occ maintenance:mode --on
mysqldump --single-transaction nextcloud > nc.sql
rsync -a /var/www/nextcloud/config /mnt/backup/
rsync -a nc.sql /mnt/ncdata /mnt/backup/
sudo -u www-data php occ maintenance:mode --off
```

पहिली आज्ञा सर्व्हर थोडा वेळ थांबवते, म्हणजे प्रत घेताना कोणी फायली बदलत नाही. `occ` ची आज्ञा नेक्स्टक्लाउडच्या फोल्डरमध्ये उभे राहूनच द्यावी लागते. डेटाबेसचे नाव आणि वाटा अर्थातच घरोघरी वेगळ्या. दुसरी डिस्क त्याच कपाटात ठेवली तर आग, चोरी किंवा वीज पडणे यांत दोन्ही एकदम जातात. ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून, चिखली किंवा मेहकरच्या नातेवाइकाकडे ठेवणे हा सोपा तोडगा आहे.

देखभालीत उरते ती आवृत्त्यांची शिडी. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण वर्षभरच सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, आणि वर चढताना एकही पायरी गाळता येत नाही: २९ वरून थेट ३१ वर जाता येत नाही, आधी ३० हवी. दोन वर्षे दुर्लक्ष झाले की ही चढण लांबते, मध्येच पीएचपीची आवृत्तीही बदलावी लागते. महिन्यातून एकदा प्रशासनाच्या पानावरचे पिवळे-लाल इशारे वाचणे, डिस्कची प्रकृती `smartctl` ने तपासणे आणि बॅकअपमधून एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहणे, एवढ्याला तासभर पुरतो. आणखी एक काम बहुतेक घरांत राहून जाते: मुख्य पासवर्ड आणि डिस्कची किल्ली कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती देणे, कारण सर्व्हर चालवणारा पुण्याला नोकरीला गेला की मागे राहिलेल्यांना फोटोंपर्यंत जाण्याची दुसरी वाट नसते.