निवृत्तिवेतन-अंशदानाची वेतनमर्यादा

निवृत्तिवेतन-अंशदानाची वेतनमर्यादा : निवृत्तिवेतन निधीत भरावयाचे अंशदान वेतनाच्या ज्या कमाल रकमेपर्यंत आकारले जाते, ती रक्कम. अंशदान ज्या वेतनावर भरले त्याच वेतनावर निवृत्तिवेतन मोजले जात असल्याने ही मर्यादा निवृत्तिवेतनाचीही मर्यादा ठरते. भारतात खाजगी व सार्वजनिक उद्योगांतील कर्मचाऱ्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष वादाचा झाला.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला. त्यात निवृत्तीच्या वेळी एकरकमी संचय मिळे. मासिक निवृत्तिवेतन नव्हते. १९७१ च्या योजनेने मृत सदस्याच्या कुटुंबापुरती त्याची सोय केली. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना अंमलात आली आणि मालकाच्या अंशदानापैकी वेतनाच्या ८·३३ टक्के इतका भाग तिच्याकडे वळविण्यात आला. त्यासाठी वेतनमर्यादा त्यावेळी दरमहा ५,००० रु. होती, ती जून २००१ मध्ये ६,५०० रु. व १ सप्टेंबर २०१४ रोजी १५,००० रु. करण्यात आली. दोन वाढींमध्ये तेरा वर्षांचे अंतर पडले. या काळात वेतने कितीतरी वाढली, मर्यादा मात्र जागच्या जागी राहिली.

निवृत्तिवेतनार्ह वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले असता मासिक निवृत्तिवेतन मिळते. मर्यादेपलीकडील वेतनावरील अंशदान बुडत नाही. ते सदस्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात राहते व त्यावर व्याज मिळते. मार्च १९९६ मध्ये घातलेल्या परंतुकान्वये मालक व कर्मचारी यांनी संयुक्त विकल्प दिल्यास प्रत्यक्ष वेतनावर अंशदान भरता येऊ लागले. म्हणजे निवड होती ती हाती येणारी रक्कम आणि आजन्म मिळणारे मासिक वेतन यांमधील.

उदाहरणार्थ, जुलै १९९६ मध्ये सेवेत आलेला एक कर्मचारी १८ वर्षांच्या सेवेनंतर जून २०१४ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाला असे समजू. अखेरच्या वर्षी त्याचे सरासरी वेतन २८,००० रु. होते. मर्यादेनुसार त्याचे निवृत्तिवेतन १,६७१ रु. होते, विकल्प दिला असल्यास ७,२०० रु. पहिल्या सहा वर्षांत त्याचे सरासरी वेतन ९,०००, पुढील सहा वर्षांत १५,००० व शेवटच्या सहा वर्षांत २५,००० रु. होते असे धरल्यास, मर्यादेवरील वेतनापोटी वळवावी लागणारी रक्कम ८·५ टक्के व्याजासह सुमारे ३,३३,००० रु. होते. तिच्या बदल्यात वर्षाला सुमारे ६६,३०० रु. अधिक मिळतात. व्याजाचा विचार केला तरी सात वर्षांच्या आत रक्कम वसूल होते.

आता वेतन मुळीच न वाढलेला, परंतु १८ वर्षे सतत मर्यादेपेक्षा १०,००० रु. अधिक मिळविणारा दुसरा कर्मचारी घेऊ. त्याची वळवावी लागणारी रक्कम त्याच व्याजाने चार लाखांच्या आसपास जाते आणि वाढीव निवृत्तिवेतन वर्षाला केवळ ३०,८५७ रु. होते. चार लाखांवरील व्याजच ३४,००० रु. होईल व मुद्दलही शाबूत राहील. त्याने विकल्प न देणेच शहाणपणाचे.

दोघांतील फरकाचे कारण सूत्रातच आहे. अंशदान त्या त्या वर्षीच्या वेतनावर पडते, परंतु निवृत्तिवेतन सर्व वर्षांसाठी अखेरच्या वेतनावर मोजले जाते. म्हणून बढत्या मिळून ज्याचे वेतन उत्तरार्धात झपाट्याने वाढले, त्याला विकल्प लाभदायक ठरतो. अर्थात हा लाभ इतरांच्या अंशदानातून येतो, हे विकल्पाच्या समर्थकांनी क्वचितच मान्य केले. सदस्याचे आयुर्मान व त्याच्यामागे राहणारा जोडीदार यांचाही विचार करावा लागतो : निवृत्त सदस्याच्या मृत्यूनंतर जोडीदारास साधारणतः निम्मे निवृत्तिवेतन मिळते, मुद्दल मात्र वारसांकडे येत नाही. शिवाय या निवृत्तिवेतनाला महागाई भत्त्याची जोड नाही. सातशे रुपयांचे मोल वीस वर्षांनी काय राहील, हे सांगावयास नको.

२०१४ च्या दुरुस्तीने सरासरीचा काळ १२ महिन्यांवरून ६० महिने केला, त्यामुळे अखेरच्या वेतनवाढीचा लाभ घटला. १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० रुपयांहून अधिक वेतनावर प्रथमच सेवेत येणाऱ्यांना योजनेबाहेर ठेवण्यात आले. विकल्पासाठी प्रशासनाने लावलेली कालमर्यादा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये अमान्य केली. पुढे ४ नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात न्यायालयाने दुरुस्ती बव्हंशी वैध ठरविली, मात्र १ सप्टेंबर २०१४ रोजी सेवेत असलेल्या सदस्यांना विकल्पाची आणखी संधी दिली. त्या तारखेपूर्वी विकल्प न देता निवृत्त झालेल्यांना ती मिळाली नाही. अर्जाची वाढविलेली मुदत ११ जुलै २०२३ रोजी संपली.