सिटी स्कॅनमधला पांढरा डाग आणि काळा डाग

घरातल्या एखाद्या बुजुर्गाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की दवाखान्यात आधी डोक्याचा साधा सिटी स्कॅन काढतात. डॉक्टरांना पहिल्यांदा एवढंच पाहायचं असतं की मेंदूत रक्त सांडलंय का. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देता येतं. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं.

क्ष-किरण जिथे जास्त अडतात तो भाग फिल्मवर पांढरा दिसतो. यासाठी एक मोजपट्टी आहे. तिच्यावर पाणी 0, मेंदू 30-40च्या आसपास आणि ताजं गोठलेलं रक्त साधारण 60-80. म्हणून ताजं रक्त मेंदूपेक्षा पांढरं उठून दिसतं. हे रक्तातल्या लोहामुळे होतं असं बरेच जण समजतात, पण खरं कारण म्हणजे गुठळीत दाटीने जमलेलं हिमोग्लोबिनचं प्रथिन.

जुन्या झटक्यात मेलेला मेंदूचा भाग शरीर हळूहळू साफ करतं आणि तिथे पाण्यासारखा द्रव भरतो. आकडा 0कडे सरकतो, डाग काळा दिसतो.

समजा, 68 वर्षांच्या एका चाचांना तीन वर्षांपूर्वी झटका येऊन डावा हात कमजोर झाला होता. आज फजरच्या वेळी अचानक उजवी बाजू गेली. स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या भागात काळा, रेखीव कडांचा डाग आहे आणि शेजारची पाण्याची पोकळी त्याच्याकडे ओढली गेली आहे. हे जुनं, कारण सुकलेली जागा आकसते. डाव्या भागात खोलवर पांढरा गोळा आहे, भोवती सुजेची काळसर कडा आहे आणि तो पोकळीला दाबतोय. आजचं दुखणं हे. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू सांभाळतो, त्यामुळे लक्षणंही जुळतात. (फिल्म घरी पाहाल तर लक्षात ठेवा, तिच्यावर रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते.)

रिपोर्टमध्ये पांढऱ्या गोळ्याला ‘अक्यूट हॅमरेज’ लिहितील, काळ्याला ‘ओल्ड इन्फार्क्ट’ किंवा ‘ग्लायोसिस’.

पण रंगावर डोळे झाकून जाता येत नाही. रक्ताचा पांढरेपणा दिवसागणिक उतरतो. एक ते तीन आठवड्यांत ते मेंदूच्याच रंगात मिसळतं, पुढे काळं होतं. रुग्णाला उशिरा आणलं तर रक्तस्राव नजरेतून सुटू शकतो, मग एमआरआय लागतो. उतारवयात मेंदूत चुना साचतो, तोही पांढराच दिसतो. मात्र तो बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि शेजारच्या भागाला ढकलत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती गुठळीच्या ताज्या झटक्यात. पहिले काही तास स्कॅन जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. हात उचलत नसेल आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तर त्याचा अर्थ रक्तस्राव दिसला नाही, एवढाच. रुग्णाला घरी आणू नका. आधीचा स्कॅन काढलेला असेल तर ती फिल्म सोबत न्या. शेजारी ठेवली की कोणता डाग नवा ते डॉक्टरांना लगेच कळतं.